जगात जर्मनी, मनगटावर परभणी

"माझ्या आईला नको सांगू हं, ती लगेच तुझ्या घरी फोन करती." हे वाक्य माझ्या लेकीचं, पण ती माझ्याशी बोलत नव्हती. ती होती नानलपेठेत, दुसऱ्या मजल्यावर, स्कॉलरशिपच्या क्लासात, आणि मी घरी ओट्यापाशी, एका हातात शेंगदाण्याच्या कुटाचा डबा आणि दुसऱ्या हातानं मोबाईल कानाला लावलेला. पलीकडून पंख्याची घरघर, बाकडं सरकल्याचा आवाज, कोणीतरी कंपासपेटी पाडली ते, आणि मधेच लेकीची कुजबुज. तिच्या मैत्रिणीला सराव पेपरात कमी मार्क पडले होते आणि तिनं तो पेपर दप्तराच्या तळाशी पुठ्ठ्याखाली लपवला होता. एवढंच. पण मी फोन ठेवला नाही. पूर्ण दोन मिनिटं ऐकत राहिले, कुटाचा हात तसाच अधांतरी.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मला तिच्याकडं नीट बघवेना.

झालं असं की जुलैत एकदा तिच्या क्लासची रिक्षा वसमत रोडला पंक्चर झाली. पाचला येणारी पोरगी सहाला दहा कमी असताना आली. त्या पन्नास मिनिटांत काय काय झालं ते ज्यांच्या घरी दहा वर्षांचं लेकरू आहे त्यांना सांगायची गरज नाही. रिक्षावाल्या काकांचा फोन स्विच ऑफ, क्लासच्या सरांचा फोन लागेना, नवरा गाडी घेऊन एका रस्त्यानं गेला आणि रिक्षा दुसऱ्या रस्त्यानं आली. लेक मात्र मजेत होती, काकांनी सगळ्या पोरांना पेप्सीकोला घेऊन दिला होता आणि तिची जीभ केशरी झाली होती. त्या रात्री जेवताना ठरलं की हिला काहीतरी घ्यायचं. फोन का घड्याळ, एवढाच प्रश्न आहे असं आम्हाला तेव्हा वाटत होतं.

घड्याळ घ्यायला गेलो तर दुकानदारानं काउंटरवर सहा डबे मांडले आणि सगळ्यांवर कॉलिंग असं लिहिलेलं. "ताई, हे घ्या, पंधराशेला कॉलिंग आहे, पोरं खुश होतात." नशीब नवऱ्यानं विचारलं की सिम कुठं टाकायचं. सिमची जागाच नव्हती. ते ब्लूटूथ कॉलिंग होतं, म्हणजे फोन खिशात किंवा शेजारच्या खोलीत असेल तर घड्याळावरून बोलता येतं, पोरगी क्लासला आणि फोन माझ्याकडं असेल तर ते नुसतं घड्याळ. हा एक प्रश्न विचारला नसता तर आम्ही ते घेऊनच आलो असतो. मग आतून एक गुलाबी घड्याळ निघालं, सिमवालं, मागं कॅमेऱ्यासारखं काहीतरी, बाजूला एसओएसचं बटण, डब्यावर जीपीएस असं ठळक. तेवीसशे रुपये. घेतलं.

घरी जिओचं एक जास्तीचं सिम पडून होतं ते टाकलं. नो सर्व्हिस. काढलं, फुंकर मारली, परत टाकलं, तेच. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर तो म्हणतो जिओ चालणार नाही यात. कारण हे घड्याळ टू-जीचं, आणि जिओचं नेटवर्क सुरुवातीपासून फोर-जीच आहे, टू-जी त्यांच्याकडं नाहीच. डब्यावर एका कोपऱ्यात बारीक अक्षरात जीएसएम लिहिलं होतं, त्याचा अर्थ हा होता. मग टू-जी चालू असलेल्या दुसऱ्या कंपनीचं सिम घेतलं, माझ्या नावावर, कारण अठराच्या आतल्या पोराच्या नावानं सिम मिळतच नाही. हे एका अर्थानं बरंच, पण लक्षात ठेवायचं की त्या नंबरवरून जे होईल ते कागदावर आपण केलेलं असतं.

आणि खर्च. घड्याळ तेवीसशेचं म्हणून आम्ही स्वस्तात पडलं समजत होतो. पण या घड्याळाला नुसतं बोलणं पुरत नाही, लोकेशन ॲपला पाठवायला थोडा का होईना डेटा लागतो, म्हणजे डेटावाला पॅक. आम्ही मारला तो १९९ चा, २८ दिवसांचा. मोबाईल कंपन्यांचं वर्ष तेरा महिन्यांचं असतं हे तर आपल्याला माहितीच आहे, १९९ गुणिले १३ म्हणजे २५८७. घड्याळापेक्षा त्याचा वर्षाचा चाराच महाग. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "बकरी घेतली असती तर दूध तरी दिलं असतं."

पहिले चार दिवस मात्र मजा आली. ॲप उघडायचं, नकाशावर गुलाबी टिकली बघायची. शाळा, क्लास, घर. पाचव्या दिवशी ती क्लासला गेली आणि टिकली गेली रेल्वे स्टेशनच्या पलीकडं. मी फोन केला, लेक म्हणाली, "क्लासातच हाय की आई, गणित चालू आहे, ठेव." सर ओरडले ते मला ऐकू आलं. अर्ध्या तासानं बघते तर टिकली कृषी विद्यापीठाकडं सरकलेली. लेकरू दुसऱ्या मजल्यावर बाकड्यावर बसलेलं आणि टिकली गावभर हिंडायलीय.

नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका जणानं याचं कोडं सोडवलं. तो म्हणाला घड्याळाच्या सिमवर एक मेसेज टाका, कॅपिटल नको, स्पेस नको, जसाच्या तसा:

```
pw,123456,ts#
```

थोड्या वेळात घड्याळानं उलट मेसेज पाठवला, लांबलचक, त्यात आयएमईआय नंबर, बॅटरी किती, किती सेकंदांनी लोकेशन पाठवतं (आमचं `600S`, म्हणजे दहा मिनिटांनी एकदा), आणि मधेच एक ओळ, `GPS:NO`. म्हणजे त्या क्षणी घड्याळाला एकही उपयोगाचा उपग्रह दिसत नव्हता. जीपीएसला जागा काढायला निदान चार उपग्रहांचे सिग्नल लागतात आणि ते सिग्नल इतके क्षीण असतात की आरसीसीच्या स्लॅबमधून, दोन मजल्यांच्या आतून पोचतच नाहीत. मग घड्याळ काय करतं, तर जवळ कोणता मोबाईल टॉवर आहे ते सांगतं, आणि ॲप त्या टॉवरच्या अंदाजानं टिकली ठेवतं. टॉवर बदलला की टिकली पळाली. ॲपमध्ये टिकलीखाली बारीक अक्षरात एलबीएस असं येत होतं, मी ते रोज बघत होते आणि मला ते कंपनीचं नाव वाटत होतं. एलबीएस दिसलं की समजायचं हा टॉवरचा अंदाज आहे. जीपीएस दिसलं तर जागा बऱ्यापैकी खरी. काही घड्याळं आजूबाजूचे वायफाय बघूनही जागा काढतात, ते आतल्या खोलीत बरं चालतं, पण त्याला आसपास वायफाय पाहिजेत आणि ते आधी कुठंतरी नोंदलेले पाहिजेत.

याची खरी गंमत गावाकडं कळली. मानवतच्या पुढं आमचं गाव. पोळ्याला गेलो, लेक चुलत भावंडांसोबत शेतात गेली, आणि मी हौसेनं ॲप उघडलं तर टिकली शेजारच्या गावात. शहरात टॉवर जवळजवळ असतात म्हणून चूक अर्ध्या-एक किलोमीटरची, गावाकडं टॉवर लांब लांब, म्हणून चूक तीन-चार किलोमीटरची. पण ती बांधावर मोकळ्यात आली, आणि पाच मिनिटांनी टिकली बरोब्बर आमच्या विहिरीपाशी. उघड्यावर हे घड्याळ एकदम शहाणं. अडचण एवढीच की आपल्याला काळजी वाटते तेव्हा लेकरू बहुतेक कुठंतरी छताखाली असतं. दहा मिनिटांचं एक मिनिट करून बघितलं, तर सकाळी पूर्ण चार्ज केलेलं घड्याळ दुपारी शाळा सुटायच्या आत मेलं.

दुकानातून घेतल्याबरोबर करायला पाहिजे ते आणखी एक काम त्याच माणसानं सांगितलं. त्या मेसेजमधला १२३४५६ हा पासवर्ड कंपनीनंच घालून दिलेला, हजारो घड्याळांना तोच. म्हणजे ज्याला लेकीचा नंबर माहिती आहे तो मेसेज टाकून घड्याळाला कामाला लावू शकतो. नंबर कोणाकोणाला माहिती होता? रिक्षावाले काका, क्लासचे सर, क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे साठ पालक, कारण मीच हौसेनं टाकला होता. त्या रात्री पासवर्ड बदलला आणि ॲपमध्ये ठरलेल्या नंबरांशिवाय कोणाचाच फोन लागणार नाही ते चालू केलं. ते आधी बंदच होतं.

माझ्या लहानपणी हे काम आजी करायची. फेब्रुवारीत उरूस भरला की आम्हा सगळ्या पोरांना रांगेत उभं करून मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेननं आजोबांचं नाव आणि गल्ली लिहायची, फोन नव्हताच. पेन गुदगुल्या करायचा आणि घामानं अक्षर पसरायचं. मी एकदा हरवले खरी, आकाशपाळण्यापाशी, मौत का कुआं वाल्याच्या भोंग्याच्या आवाजात. आजीनं सांगून ठेवलं होतं, हरवलीस तर जिथं आहेस तिथंच उभी रहा, हिंडू नको, आम्ही हिंडतो. मी खाजाच्या गाड्यापाशी उभी राहिले, गाडीवाल्यानं हात बघितला, नाव पसरून गेलेलं, त्यानं मला खाजा दिला आणि तिथंच बसवलं. किती वेळ ते आठवत नाही. आजी आली ते तिच्या पातळाच्या रंगावरून लांबूनच कळलं. तिनं आधी एक धपाटा घातला आणि मग तोंड पुसलं. ती तासभर मला शोधत होती म्हणे, आणि तेवढ्या वेळात मी कोणाशी काय बोलले ते तिला कधीच कळलं नाही, तिनं विचारलंही नाही.

आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते.

ते बटण ॲपमध्ये शेवटच्या पानावर होतं, कानाचं चित्र. दाबलं की आपला नंबर विचारतं, मग घड्याळ आपणहून आपल्याला फोन लावतं, पण गपचूप. घड्याळाचा पडदा उजळत नाही, रिंग नाही, थरथर नाही, पोरीला काही पत्ता नाही. दुकानदारानं हे बटण सगळ्यात आधी दाखवलं होतं. "मॅडम, सेफ्टी फीचर आहे." मी पहिल्यांदा दाबलं ते खरंच काळजीनं, टिकली स्टेशनकडं पळाली होती तेव्हा. दुसऱ्यांदा दाबलं ते नुसतंच. तिसऱ्या वेळी सर कसं शिकवतात ते ऐकायचं होतं. चौथी वेळ ती पुठ्ठ्याखालच्या पेपरची.

नंतर वाचलं की जर्मनीत २०१७ च्या नोव्हेंबरात तिथल्या दूरसंचार नियामकानं असली ऐकणारी पोरांची घड्याळं विकायला बंदीच घातली. त्यांनी त्याला घड्याळ म्हटलंच नाही, लपून ऐकायचं बेकायदा यंत्र म्हटलं. आईबाप त्यातून वर्गातल्या शिक्षकांचं बोलणं ऐकत होते हे त्यांना तपासात सापडलं होतं, आणि ज्यांनी आधीच घेतलंय त्यांनी ते मोडून टाकावं असंही सांगितलं. आपण इथं छाती फुगवून म्हणतो जगात जर्मनी, भारतात परभणी. जर्मनीनं जे मोडायला लावलं ते परभणीत मी कूट करता करता वापरत होते. मला लाज वाटली का? थोडी. पण खरं सांगायचं तर टिकली पळाली त्या दिवशी तिचा आवाज ऐकून जो जीव भांड्यात पडला होता, तोही खोटा नव्हता.

ऑक्टोबरात एक दिवस टिकली राखाडी झाली. ऑफलाइन. फोन लावला तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मी चप्पल घालून निघाले, क्लासच्या जिन्यात धापा टाकत वर गेले, दारातून डोकावले, तर ती तिसऱ्या बाकड्यावर, मनगट मोकळं. मला बघून तिचं तोंड उतरलं. घड्याळ कुठंय, तर तिनं दप्तरातून स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं, आत पोळीच्या चुऱ्यात गुलाबी घड्याळ. मैत्रिणीच्या भावाकडं तसलंच घड्याळ आहे, त्यानं सांगितलं होतं की यातून आई ऐकती, आणि डब्यात घातलं की ऐकू येत नाही. बरोबरच आहे, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात रेंज कुठून येणार. दहा वर्षांच्या पोराला कळतं ते मला एलबीएस वाचूनही कळलं नव्हतं.

रिक्षात ती खिडकीकडं तोंड करून बसली. शिवाजी चौकात सिग्नलला तिनं विचारलं, "तू ऐकलंस का?" मी हो म्हणाले. "पेपरचं पण?" हो. "मग तिच्या आईला सांगितलंस का?" नाही सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "बरं."

मग परत तोच प्रश्न, फोन का घड्याळ. नवऱ्यानं त्याचा जुना स्मार्टफोन काढला, त्यावर लेकीचं खरी जन्मतारीख घालून खातं काढलं आणि गुगलचं फॅमिली लिंक लावलं. ते ॲप खरंच चांगलं आहे, काय डाऊनलोड करायचं ते आपल्याला विचारतं, दिवसाचे किती तास ते ठरवता येतं, रात्री नऊला फोन आपोआप बंद. लोकेशनही घड्याळापेक्षा बरं, कारण फोन वायफाय आणि टॉवर दोन्ही धरून चालतो. पण ते फोनवर नेट चालू असेल तरच. आणि परवानगी दिलेल्या ॲपच्या आत काय चाललंय त्यावर त्याचा हात पोचत नाही, ड्रॉईंगच्या एका ॲपमधल्या जाहिरातीवरून ती कुठल्या कुठं गेली होती ते मी स्वतः बघितलं. शिवाय शाळेत स्मार्टफोन चालत नाही, आणि साडेसहा इंची फोन घेऊन पोरगी रिक्षात बसली की काळजी तिची कमी आणि फोनची जास्त. तो फोन आता घरीच असतो, दिवसाला पाऊण तास.

दुकानदारानं पाच हजाराचं फोर-जी घड्याळही दाखवलं. त्यात जिओ चालत होतं, पण त्यात प्ले स्टोअरच होतं, मनगटाला बांधलेला अख्खा फोन. नको म्हटलं.

शेवटी कीपॅडचा फोन आणला. त्यातही बघून घ्यावं लागलं, कारण आता काही कीपॅड फोनांत व्हिडिओ चालतात, यूपीआय असतं. आम्ही त्यातला मुद्दाम भिकार घेतला, चौदाशेचा, फोर-जी, बोलणं आणि साप. यात टिकली नाही, कानाचं बटण नाही. याला नुसत्या बोलण्याचा पॅक पुरतो, ट्रायनं कंपन्यांना तसे पॅक ठेवायला लावलेत, ८४ दिवसांचा पावणेपाचशेच्या आत बसला. एक गोष्ट मात्र मला आधी माहिती नव्हती, २०१७ पासून आपल्याकडं विकल्या जाणाऱ्या साध्या फोनांत पाच किंवा नऊ नंबरचं बटण दाबून धरलं की इमर्जन्सीचा फोन लागायची सोय असावी लागते, ११२ ला. आमच्या फोनात ते पाच निघालं. लेकीला दाखवलं, आणि तिनं लगेच विचारलं की दाबून बघू का. नाही म्हटलं, दाबायचं नाही, फक्त कुठंय ते माहिती पाहिजे. अंधारात, दप्तरात हात घालून पाच शोधायचा सराव आम्ही तीन-चारदा केला, त्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो, तो बोटाला लागतो. आणि आजीचं ते जिथं आहेस तिथंच उभी रहा, हेही सांगितलं, खाजाच्या गोष्टीसकट.

नवरा अजून कुरकुर करतो, लोकेशन नाही म्हणून. मलाही पाचला दहा मिनिटं कमी असली की हात ॲपकडं जातो, ॲप अजून फोनमध्ये आहे, काढलेलं नाही. उघडलं की राखाडी टिकली दिसते, शेवटची जागा, आमचंच घर. गुलाबी घड्याळ कपाटात आहे, सिम काढलेलं, बॅटरी संपलेली.

नवा फोन हातात घेतल्यावर तिनं तो उलटासुलटा करून बघितला, मागचं झाकण उघडून बॅटरी काढून बघितली, आणि विचारलं, "यातून तू ऐकू शकतीस का?"

"नाही. तू फोन लावलास तरच."

काल पाचला पाच कमी असताना तिचा फोन आला. मागं रिक्षाचा हॉर्न, पोरांचा कालवा. "आई, खाली उभी हाय, काका यायलेत. आणि ऐक, तिनं तो पेपर दाखवला तिच्या आईला. मीच सांगितलं दाखव म्हणून. ठेवते."